टोकन दिलं, मग घर गेलं कसं? करार नेमका कधी होतो

प्रश्न: मॅडम, मी एस.वाय. बी.कॉम.ला आहे. करार कायद्याच्या कलम १० मधली वैध कराराची सगळी अंगं पाठ आहेत, पण खऱ्या व्यवहारात ती कुठे शोधायची ते कळत नाही. बाबांनी ठाण्यात वर्तकनगरला वन बीएचके भाड्याने बघितलं. भाडं २२,००० आणि डिपॉझिट १ लाख सांगितलं होतं. बाबांनी एजंटला ५,००० टोकन पाठवलं आणि चार दिवसांनी मालकाने घर दुसऱ्यालाच दिलं. एजंट म्हणतो टोकन परत मिळत नसतं. करार झाला होता की नव्हता? दुकानातल्या, भाड्याच्या साध्या उदाहरणांनी समजावाल का?

उत्तर:

आधी जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊ, वर्तकनगर तिथूनच सोपं पडेल.

संध्याकाळची वेळ आहे. तू विचारतेस, "मावशी, मेथी कशी दिली?" त्या म्हणतात, "तीसला जुडी." तू म्हणतेस, "वीसला द्या." त्या मान हलवतात, "नाही परवडत." तू चार पावलं पुढे जातेस, तिथे पस्तीस ऐकून परत फिरतेस आणि म्हणतेस, "बरं, द्या तीसला." तेवढ्यात मावशींनी उरलेल्या दोन्ही जुड्या शेजारच्या बाईंच्या पिशवीत टाकलेल्या असतात. आता तुला हटून बसता येईल का, की तुम्हीच तीस म्हणाला होतात, मग मला मेथी द्यायलाच हवी?

नाही येणार. मावशींनी "तीसला जुडी" म्हटलं तो त्यांचा प्रस्ताव होता. तू "वीसला द्या" म्हणालीस तेव्हा तू तो स्वीकारला नाहीस, उलट स्वतःचा नवा प्रस्ताव ठेवलास. नवा प्रस्ताव आला की जुना तिथेच संपतो. नंतर तू "द्या तीसला" म्हणालीस तो जुन्या प्रस्तावाचा स्वीकार ठरत नाही, तो तुझा आणखी एक प्रस्ताव झाला आणि तो मानायचा की नाही हे मावशींच्या मर्जीवर राहिलं. इंग्लंडमध्ये १८४० साली हाइड विरुद्ध रेंच या खटल्यात हेच घडलं. शेताची किंमत १,००० पौंड सांगितली होती, घेणाऱ्याने ९५० म्हटलं, मालकाने नकार दिला. मग घेणारा "बरं, १,००० देतो" म्हणू लागला. कोर्टाने सांगितलं, करार झालेलाच नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम ७ मध्ये हीच अट आहे: स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा.

एक फरक मात्र लक्षात घे. तू "तीसला जुडी" ऐकल्यावर "मोबाइलवरून पैसे पाठवले तर चालतील का?" एवढंच विचारलं असतंस तर मावशींचा प्रस्ताव संपला नसता. ती नुसती चौकशी झाली. अट बदलायला सांगणं आणि अटीबद्दल विचारणं या दोन गोष्टी मुलं पेपरात हमखास एक करतात. तुझ्या बाबांच्या बाबतीतही सगळा निकाल या फरकावरच फिरतो.

आता कायद्याची रचना थोडक्यात. तुमच्या पुस्तकात एक वाक्य असतं: प्रत्येक करार हा ठराव असतो, पण प्रत्येक ठराव हा करार नसतो. या वाक्याला दोन पायऱ्या समज. पहिल्या पायरीवर विचारायचं, ठराव झाला का? म्हणजे एकाने ठोस प्रस्ताव ठेवला का, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारला का, आणि दोन्ही बाजूंनी काही देणं-घेणं, म्हणजे प्रतिफल, ठरलं का? ही पायरी चढलात तरच दुसरी. तिथे विचारायचं, हा ठराव कायदा अंमलात आणेल का? कलम १० मधल्या गोष्टी इथे येतात: दोघं करार करायला पात्र आहेत का, संमती मोकळी होती का, प्रतिफल आणि उद्देश कायदेशीर आहे का, कायद्याने तो ठराव मुळातच निरर्थक ठरवलेला तर नाही ना. कलम १० च्या शेवटी एक छोटा परिच्छेद आहे, तो मुलं वाचतच नाहीत. त्यात म्हटलंय की एखाद्या खास कायद्याने लेखी करार, साक्षीदार किंवा नोंदणी मागितली असेल तर ती अट या कलमामुळे सुटत नाही. भाड्याच्या घरासाठी हा परिच्छेद किती महत्त्वाचा आहे ते पुढे येईलच.

मी पंचवीस वर्षं ठाण्याच्या कोर्टात दिवाणी कामं बघते. माझ्याकडे येणारी माणसं जवळजवळ नेहमी दुसऱ्या पायरीपासून बोलायला लागतात: स्टॅम्प पेपर नव्हता, साक्षीदार नव्हते, सही राहिली. खरा घोटाळा बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर झालेला असतो, तिकडे कुणाचं लक्षच गेलेलं नसतं.

पहिल्या पायरीवरचा सगळ्यात नेहमीचा घोटाळा दुकानाच्या काचेतला. गोखले रोडवर एका दुकानाच्या काचेत मिक्सर ठेवलाय आणि त्याला २,४९९ रुपयांची चिठ्ठी लावलीय. तू आत जाऊन २,४९९ रुपये पुढे केलेस आणि दुकानदार म्हणाला, "चिठ्ठी चुकून लागली, हा ३,४९९ चा आहे." करार झाला का? नाही. मांडून ठेवलेला माल हा प्रस्ताव नसतो, ते प्रस्ताव ठेवण्याचं आमंत्रण असतं. प्रस्ताव तू ठेवतेस, पैसे पुढे करून. तो स्वीकारायचा की नाही हे दुकानदार काउंटरवर ठरवतो. १९५३ च्या इंग्लंडमधल्या बूट्सच्या खटल्यात हाच मुद्दा निघाला होता. दुकानात गिऱ्हाईक स्वतः फळीवरून औषध उचलत असे. विक्री फळीपाशी होते की गल्ल्यापाशी, हा प्रश्न होता. कोर्टाने सांगितलं, गल्ल्यापाशी. नाहीतर टोपलीत टाकलेली वस्तू परत फळीवर ठेवली तरी करारभंग झाला असता. आपल्याकडच्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये ट्रॉली भरताना हे आठवून बघ, म्हणजे नियम डोक्यात बसेल.

पण इथे एक गैरसमज होतो. चिठ्ठीने करार होत नाही म्हणजे दुकानदाराला वाटेल ते करता येतं, असं मुळीच नाही. पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त घेणं वजनमापांच्या नियमांनी गुन्हा आहे. मुद्दाम खोटी किंमत लावून लोकांना आत ओढणं ग्राहक संरक्षण कायद्यात बसतं. ते वेगळे कायदे आहेत. करार झाला का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर करार कायदा देतो.

आता वर्तकनगरला ये. तू लिहिलेल्या थोड्या मजकुरावरून मी तारखांची एक कल्पित साखळी मांडते. खरे मेसेज यापेक्षा वेगळे असतील तर ते या साखळीशेजारी ठेवून बघ.

शुक्रवारी एजंटने जाहिरात टाकली: वन बीएचके, भाडं २२,०००, डिपॉझिट १ लाख. हे काचेतल्या मिक्सरसारखं आहे, आमंत्रण. शनिवारी बाबा घर बघायला गेले. तिथे मालक समोर होते आणि म्हणाले, "२२,००० आणि १ लाख, अकरा महिने, एक तारखेपासून." हा प्रस्ताव, अगदी ठोस. बाबांनी "ठीक आहे, घेतलं" म्हटलं असतं तर पहिली पायरी तिथेच पूर्ण झाली असती. पण बाबा म्हणाले, "घर आवडलं. डिपॉझिट ७५,००० करा आणि सोसायटीचा मेंटेनन्स तुमच्याकडे ठेवा." हे "वीसला द्या" झालं. मालकांचा प्रस्ताव संपला आणि बाबांचा नवा सुरू झाला. मालक म्हणाले, "घरी विचारून सांगतो." हा स्वीकारही नाही, नकारही नाही.

रविवारी बाबांनी एजंटला ५,००० पाठवले आणि मालकांना मेसेज केला: "टोकन दिलंय. उद्या संध्याकाळपर्यंत तुमचा फोन आला नाही तर ७५,००० ला पक्कं समजतो." मालकांनी मेसेज बघितला, उत्तर दिलं नाही. गुरुवारी घर दुसऱ्याला गेलं.

गप्प बसणं म्हणजे होकार, ही आपली घरातली समजूत आहे. करार कायद्यात ती चालत नाही. स्वीकार शब्दांनी किंवा कृतीने कळवावा लागतो, आणि उत्तर न देणाऱ्याला बांधून टाकण्याचा अधिकार प्रस्ताव ठेवणाऱ्याला नसतो. १८६२ सालचा फेल्टहाउस विरुद्ध बिंडले हा खटला याचसाठी शिकवतात. काकाने पुतण्याला लिहिलं होतं की तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं धरतो. कोर्टाने ते मान्य केलं नाही. बाबांचा रविवारचा मेसेज हुबेहूब त्या काकांचा मेसेज आहे. म्हणून या साखळीत घराबद्दलचा ठरावच झाला नाही. मालकांनी वाईट वागणूक दिली असेल, करार मोडला नाही, कारण मोडायला करार नव्हता.

मग टोकनचं काय? ५,००० रुपये कशाच्या बदल्यात दिले, हे कुणीच बोललं नव्हतं. प्रतिफल म्हणजे समोरच्याने दिलेल्या वचनाची किंमत. इथे समोरच्याने वचनच दिलेलं नाही. घराचा ठराव झालेला नसताना त्याच्या भरवशावर दिलेले पैसे ठेवून घ्यायला एजंटकडे आधार उरत नाही. ते फुकट देण्याच्या हेतूने दिले नव्हते, म्हणून कलम ७० च्या आधाराने ते परत मागता येतात. "टोकन परत मिळत नसतं" हा बाजारातला रिवाज म्हणून सांगतात, पण ती अट देताना ठरलेली असावी लागते, नंतर सांगून चालत नाही. घर दाखवण्याबद्दल एजंटची वेगळी फी आधी ठरली असेल तर तेवढी त्याला मागता येईल. तो टोकनचा भाग नव्हे.

आता समजा मालकांनी सोमवारी उत्तर दिलं असतं: "चालेल. ७५,०००, मेंटेनन्स माझा, एक तारखेला या." तर चित्र पालटलं असतं. प्रस्ताव, बिनशर्त स्वीकार, दोन्हीकडचं प्रतिफल, सगळं आलं. मोबाइलवरच्या मेसेजने करार होत नाही असं अजून पुष्कळ लोक समजतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ ने हा प्रश्न कधीच सोडवलाय: केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अंमलाबाहेर जात नाही. पहिली पायरी पक्की झाली असती.

आणि इथेच कलम १० चा तो शेवटचा परिच्छेद आडवा येतो. भाजी, मिक्सर, रद्दी, शिवणकाम, या सगळ्याचे तोंडी करार पूर्ण वैध असतात. घर भाड्याने देण्याचं तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती पाळली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल तर कुठल्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. मालकांना हे कळलं की नोंदणीची टाळाटाळ करताना ते दोनदा विचार करतात.

अकरा महिन्यांचं कोडंही इथेच सुटतं. मुलं मला सांगतात, "अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही." हे आलं १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात कलम ५५ मुदत बघतच नाही. अकरा महिने असोत की तीन, नोंदणी हवीच. कुणी नोटरीचा शिक्का मारलेला कागद दाखवून "हा रजिस्टर्डच आहे" म्हणालं तर दस्त क्रमांक विचार. नोंदणी झालेल्या दस्ताला दुय्यम निबंधकाचा क्रमांक आणि तारीख असते, नोटरी केलेल्या कागदाला नसते. दोन मिनिटांत फरक कळतो.

म्हणजे मालकांनी सोमवारी "चालेल" म्हणून गुरुवारी घर दुसऱ्याला दिलं असतं, तर बाबांना त्या घरात शिरण्याचा हक्क मेसेजवरून मागता आला नसता. नुकसानभरपाई मागता आली असती, पण मालकाच्या वकिलाने कलम ५५ पुढे केलं असतं आणि लढाई सरळ राहिली नसती. समजा टेम्पोची ३,००० ची आगाऊ रक्कम बुडाली आणि त्याच भागात तसंच घर २४,००० ला घ्यावं लागलं. मग करार कायद्याच्या कलम ७३ खाली टेम्पोचे ३,००० आणि अकरा महिन्यांच्या फरकाचे २२,००० असा २५,००० चा हिशोब मांडता येतो. बाबांनी त्याहून महाग, दोन बेडरूमचं घर घेतलं असतं तर तो सगळा फरक मिळाला नसता, कारण नुकसान कमी ठेवण्याचा प्रयत्न त्यांनीही करायला हवा. झालेल्या मनस्तापाचे पैसे या कलमाखाली साधारणपणे मिळत नाहीत.

ठरावाच्या निश्चितपणाबद्दल थोडं सांगते, कारण कलम २९ दुकानाच्या उदाहरणाने फार छान समजतं. कायद्यातच उदाहरण दिलंय: अ ने ब ला "शंभर टन तेल" विकायचं कबूल केलं, कसलं तेल ते कुठेच नाही. हा ठराव निरर्थक. पण अ फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल तर? मग तो वैध, कारण त्याच्या धंद्यावरूनच अर्थ ठरतो. आपल्या घरी हे रोज घडतं. आई वाण्याला फोन करते, "नेहमीचा तांदूळ दहा किलो पाठवा." परक्याला हे वाक्य अर्धवट वाटेल. पण वाण्याच्या वहीत गेल्या वर्षभराचा एकच तांदूळ, एकच भाव लिहिलेला असतो. ‘नेहमीचा’ हा शब्द तिथे निश्चित आहे. याउलट मालक म्हणाले, "तुम्ही राहायला या, भाड्याचं नंतर बघू," तर शोधायला वही नाही, मागचा व्यवहार नाही. तो ठराव तग धरणार नाही.

पात्रतेबद्दल तुम्हाला मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष, १९०३, हा खटला लिहावाच लागतो, तर तो नीट लिही. कलकत्त्याच्या धर्मदासने अज्ञान, म्हणजे करार करण्याचं कायदेशीर वय झालेलं नसताना, सावकाराकडे मालमत्ता गहाण ठेवून २०,००० रुपयांचा दस्त केला. प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की अज्ञान व्यक्तीचा ठराव नुसता रद्द करता येण्याजोगा नसतो, तो मुळापासूनच निरर्थक असतो. सावकाराने दिलेले पैसेही त्याला परत मिळाले नाहीत, कारण धर्मदास अज्ञान आहे हे सावकाराच्या माणसाला व्यवहार करतानाच माहीत होतं. आता बघ, सतरा वर्षांच्या मुलाने नौपाड्यातल्या दुकानातून ४०,००० चा फोन हप्त्यावर घेतला आणि दोन हप्त्यांनंतर देणं थांबवलं, तर दुकानदार करारावरून त्याच्याकडून वसुली करू शकत नाही. म्हणूनच हप्त्याच्या कागदावर पालकाची सही मागतात. मग तोच मुलगा स्टेशनबाहेर वडापाव खातो त्याचं काय? रोख देऊन हातात घेतलेल्या वस्तूवरून भांडण निघायला काही उरलेलंच नसतं, म्हणून तो प्रश्न कोर्टात येत नाही. आणि शिकायला बाहेरगावाहून आलेल्या अज्ञान मुलाला राहायला खोली, जेवण दिलं, तर कलम ६८ प्रमाणे त्या आवश्यक गोष्टींचा वाजवी मोबदला त्याच्या मालमत्तेतून मिळू शकतो. त्याच्यावर व्यक्तिशः मात्र बोजा पडत नाही. खोलीचा करार पालकाने स्वतःच्या नावाने करावा हे बरं.

मोकळ्या संमतीत मी मुलांना जबरदस्तीपेक्षा फसवणूक जास्त वेळ शिकवते, कारण भाड्याच्या घरात तीच दिसते. ठाण्याचा पाऊस आपल्याला माहीत आहे. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं. एप्रिलमध्ये त्यांनी घर घेतलं, सगळ्या भिंती ताज्या रंगवलेल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बेडरूमची भिंत ओलीचिंब, रंगाचे पापुद्रे सुटले आणि आत जुन्या ओलीचे काळे पट्टे दिसले. गेल्या पावसाळ्यातल्या तक्रारीही सोसायटीत लेखी होत्या. मालक म्हणाले, "मी कुठे खोटं बोललो? त्यांनी विचारलंच नाही."

त्यांच्या बोलण्यात निम्मं तथ्य होतं. नुसतं गप्प बसणं म्हणजे साधारणपणे फसवणूक नव्हे, असं कलम १७ च सांगतं. शिवाय कलम १९ चा अपवाद असा की गप्प बसून केलेल्या फसवणुकीत, साध्या काळजीने सत्य कळलं असतं तर करार रद्द करता येत नाही. पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही वेगळी कृती आहे आणि ती कलम १७ मध्ये स्वतंत्रपणे फसवणूक म्हणून दिली आहे. ओल न सांगणं म्हणजे मौन. ओलीवर रंग फासणं म्हणजे झाकणं, आणि त्याला तो अपवाद लागू होत नाही. असा करार रद्द करता येण्याजोगा असतो. तो चालू ठेवायचा की रद्द करायचा हे फसवले गेलेले भाडेकरू ठरवतात, मालक नाही. पण ठरवायला वेळ लावू नये. ओल दिसल्यावर त्या कुटुंबाने लगेच फोटो काढून मालकांना लेखी कळवलं म्हणून त्यांची बाजू मजबूत राहिली. सहा महिने मुकाट्याने भाडं भरून मग तक्रार केली असती तर त्यांनी करार स्वीकारला असंच धरलं गेलं असतं. शेवटी मालकांनी पूर्ण डिपॉझिट परत दिलं आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं.

बाकीची अंगं लवकर उरकते. प्रतिफल पुरेसं असावं लागत नाही. २२,००० चं घर मालकाने राजीखुशीने ५,००० ला दिलं तरी करार वैध. फक्त इतकं कमी का, यावरून संमती मोकळी होती का हे कोर्ट तपासू शकतं. मावशीने भाच्याला "कॉलेज होईपर्यंत रहा आमच्याकडे" म्हटलं तर तिथे प्रतिफलही नाही आणि कायद्याने बांधून घेण्याचा हेतूही नाही. गाळा मटक्यासाठी हवाय हे दोघांनाही माहीत असेल तर कलम २३ मुळे उद्देशच बेकायदा. तिथे मालकाला थकलेलं भाडंसुद्धा कोर्टातून मागता येणार नाही.

आता बाबांनी काय करायचं. एजंटला एक साधा लेखी मेसेज पाठवायचा: अमुक तारखेला ५,००० दिले, घराच्या अटी ठरल्या नाहीत, घर दुसऱ्याला दिलं आहे, पंधरा दिवसांत रक्कम परत करावी. पैसे पाठवल्याची नोंद जोडायची. एवढ्या रकमेसाठी दावा लावणं मी सुचवणार नाही, पण नेमक्या शब्दांतला मेसेज गेला की पैसे परत येताना मी पाहिले आहेत.

आणि पुढच्या घरासाठी टोकन देण्याआधी त्याला स्वतःचं काम द्या. प्रस्ताव ठेवणारा स्वीकार होईपर्यंत तो कधीही मागे घेऊ शकतो. मालक तोंडी "रविवारपर्यंत थांबतो" म्हणाले तरी त्या शब्दाला प्रतिफल नाही, म्हणून तो बांधत नाही. पण थांबण्यासाठीच ५,००० घेतले, तर थांबणं हाच एक छोटा, वेगळा करार होतो. तो घर भाड्याने देण्याचा करार नाही, फक्त सात दिवस घर राखून ठेवण्याचा आहे, म्हणून माझ्या मते कलम ५५ ची नोंदणी त्याला लागत नाही. मी अशिलांना पावती अशी लिहून देते. ती मालकाने स्वतः द्यावी. एजंटने दिली तर "मालकाच्या वतीने" असं लिहून मालकाचा दुजोरा मेसेजवर घ्यावा:

"वर्तकनगर येथील अमुक सदनिका दिनांक ___ पासून सात दिवस इतर कोणालाही न देता राखून ठेवण्याबद्दल रुपये ५,००० मिळाले. ठरलेल्या अटी: भाडे दरमहा २२,०००, डिपॉझिट ७५,०००, मेंटेनन्स मालकाकडे, मुदत अकरा महिने, सुरुवात ___. सात दिवसांत करार नोंदवल्यास ही रक्कम डिपॉझिटमध्ये वळती होईल. मालकाने माघार घेतल्यास पूर्ण रक्कम तीन दिवसांत परत. भाडेकरूने माघार घेतल्यास रुपये ___ वजा करून बाकी परत."

शेवटच्या ओळीतली रिकामी जागा भरताना दोघं काही वेळ घासाघीस करतील. ती करू दे, आणि आकडा ठरल्यावरच पैसे पाठवायला सांग.